डोक्याच्या एमआरआयची भीती आणि आठवडाभराची तयारी

प्रश्न : डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला आहे. दोन वर्षांपूर्वी याच तपासणीला गेले होते. तोंडावर ती पिंजऱ्यासारखी टोपी बसवून आत सरकवले आणि मिनिटभरातच मी ओरडून बाहेर काढायला लावले. आता पुढच्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. आत श्वास कोंडला तर? गोळी घेऊन जावे, की तिच्याशिवाय जमेल?

उत्तर : मी गेली अठरा वर्षे एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करतो, आणि मधूनच बाहेर पडलेली माणसे मला नेहमी भेटतात. त्यांच्याशी बोलताना मी सर्वांत आधी एक गोष्ट वेगळी काढतो. बंद जागेची भीती म्हणून जिला आपण एकाच नावाने ओळखतो, तिच्यात दोन निरनिराळ्या भीती मिसळलेल्या असतात. एक, हवा पुरणार नाही ही; आणि दुसरी, हलता येणार नाही, हवे तेव्हा सुटता येणार नाही ही. तुम्ही श्वासाबद्दल विचारले आहे, परंतु आठवण मात्र टोपीची आणि ओरडण्याची सांगितली आहे. त्यावरून मला वाटते की तुमच्या बाबतीत दुसरी भीती मोठी असावी आणि पहिली तिच्या पाठोपाठ आली असावी. हे ठरवण्याला महत्त्व आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

हवेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. यंत्राचा बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, त्याची लांबी साधारण दीड मीटर असते आणि आत पंख्याची हवा खेळत असते. डोक्याच्या तपासणीत डोके बोगद्याच्या मधोमध येते, म्हणजे कमरेखालचा बराचसा भाग बाहेरच राहतो. हवा कमी पडत नाही. तरीही छाती आवळल्यासारखी होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि ते सोंग नसते. घाबरलेला माणूस भराभर आणि खोल श्वास घेऊ लागतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो आणि त्यातूनच ही लक्षणे उद्भवतात. ती कमी श्वासाची नसून जास्त श्वासाची लक्षणे आहेत. अशा वेळी शेजारचे लोक ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतात, तो सल्ला उलटा पडतो. श्वास सोडणे लांबवावे लागते : नाकाने चार अंक मोजेपर्यंत आत, आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. या मोजणीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

आता ती टोपी. आमच्या भाषेत तिला हेड कॉइल म्हणतात आणि ती एक प्रकारची अँटेना आहे. मेंदूतून येणारे रेडिओ संकेत अतिशय क्षीण असतात, त्यामुळे ते टिपणारी अँटेना जितकी जवळ, तितके चित्र स्वच्छ. म्हणून ती चेहऱ्यापासून जेमतेम काही सेंटीमीटरवर असते. पुष्कळ रुग्ण मला ‘मोठ्या तोंडाचे यंत्र शोधू का’ असे विचारतात. नेहमीच्या यंत्राच्या बोगद्याचा व्यास 60 सेंटीमीटर असतो आणि रुंद यंत्राचा 70. खांदे रुंद असलेल्या किंवा पोट मोठे असलेल्या माणसाला हा 10 सेंटीमीटरचा फरक फार जाणवतो, आणि कंबरेच्या किंवा पोटाच्या तपासणीत तो खरोखर कामाला येतो. पण डोक्याच्या तपासणीत कॉइल दोन्हीकडे तितकीच जवळ असते. ज्याला टोपीचीच भीती वाटते त्याने केवळ रुंद यंत्रावर भिस्त ठेवली, तर ऐन वेळी त्याची निराशा होते. बाजूंनी मोकळी असलेली ‘ओपन’ यंत्रेही असतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांचे चुंबक कमी ताकदीचे असल्याने वेळ जास्त लागतो आणि बारीक तपशील कमी दिसतो. डॉक्टर काय शोधत आहेत यावर ते चालेल की नाही हे ठरते, आणि तो निर्णय रेडिओलॉजिस्टने घ्यायचा असतो.

कॉइलवर एक छोटा तिरपा आरसा बसवता येतो. त्यातून वरची भिंत दिसण्याऐवजी स्वतःच्या पायांपलीकडची खोली, बऱ्याचदा काचेपलीकडचा आमचा चेहराही दिसतो. हा आरसा अनेक ठिकाणी कपाटात पडून असतो आणि मागितल्याशिवाय लावला जात नाही, म्हणून तो आवर्जून मागा. मात्र आरसा आणि मिटलेले डोळे यांपैकी एकच काहीतरी निवडा. आत गेल्यावर डोळे मिटून काही विशेष साधत नाही, कारण छत चेहऱ्यावर सरकत येताना एकदा दिसले की ते मिटल्या डोळ्यांपुढेही तसेच राहते. मिटायचे असतील तर टेबल हलण्यापूर्वीच मिटावेत आणि त्यांवर घडी केलेला रुमाल ठेवावा. घरची डोळ्यांची पट्टी नेणार असाल तर तिच्यात धातूची क्लिप नाही ना, हे पाहून घ्या. तोंडाला मास्क लावून जाणाऱ्यांनी नाकावरच्या तारेचाही असाच विचार करावा, कारण ती तार यंत्रात तापून चेहरा भाजू शकते.

सुटता येणार नाही, या भीतीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायला हवे. तुमच्या हातात एक रबरी फुगा दिलेला असतो. तो दाबला की आमच्या खोलीत घंटी वाजते. बहुतेक रुग्णांना तो आहे हे ठाऊक असते, पण तो वापरण्याची त्यांना लाज वाटते. आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाईल, टेक्निशियन चिडेल, असे त्यांच्या मनात असते. मग ती सहन करत राहतात, आणि सहनशक्ती संपते तेव्हा फुगा न दाबता अंग झटकतात. प्रत्यक्षात ही तपासणी सलग नसते. ती पाच-सात तुकड्यांची मिळून होते. त्यांना आम्ही सिक्वेन्स म्हणतो. त्यांतला प्रत्येक साधारण दीड ते पाच मिनिटांचा असतो. दोन तुकड्यांच्या मध्ये तुम्ही बाहेर आलात तरी झालेले तुकडे जपलेले राहतात. पुन्हा आत गेल्यावर जागा ठरवण्यासाठी अर्ध्या मिनिटाची छोटी चित्रे नव्याने काढावी लागतात, एवढाच काय तो भुर्दंड. एखादा तुकडा चालू असताना डोके हलले, तर मात्र तेवढ्या तुकड्याचे चित्र धुरकट होते किंवा त्यावर सावल्यांसारख्या दुहेरी रेघा उमटतात आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून फुगा शक्यतो आवाज थांबल्यावर दाबावा. परंतु अगदीच असह्य झाले तर आवाज चालू असतानाही दाबावा, त्यासाठीच तो दिला आहे. टेबल आत जाण्यापूर्वी तो एकदा दाबून पाहा आणि बाहेर घंटी वाजली का, हे विचारा. ज्याने फुगा स्वतः वाजवून पाहिला आहे, तो माणूस आत अधिक शांत राहतो, असे मी नेहमी पाहिले आहे.

याच संदर्भात एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घाबरलेल्या लोकांना ‘फक्त पाच मिनिटे’ असे सांगत असे आणि तपासणी पंचवीस मिनिटांची असे. सहाव्या मिनिटाला त्या माणसाचा माझ्यावरचा विश्वास संपायचा, आणि मग खरी वेळ सांगूनही उपयोग नसायचा. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्याची खरी लांबी सांगतो. तुम्हीही टेक्निशियनला हेच सांगा : दर तुकड्याआधी किती मिनिटे ते बोला, आणि तो संपला की लगेच बोला. अनेकांना वाटते तशी त्रासाची वेळ आवाजाची नसते. आवाज मोठा असतो खरा; बोगद्यातल्या तारांच्या वेटोळ्यांतून विद्युतप्रवाह झपाट्याने चालू-बंद होतो, चुंबकीय क्षेत्रात त्या वेटोळ्यांना धक्के बसतात आणि तेच ठोके आपल्याला ऐकू येतात. कानात नीट बसवलेले बोळे आणि वर हेडफोन असले की तो सोसवतो. अधिक भीती शांततेत वाटते. दोन तुकड्यांच्या मध्ये फक्त चुंबक थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची चिक्‌-चिक्‌ उरते, आणि त्या मिनिटभरात माणसाला वाटते की बाहेरचे सगळे निघून गेले. खरे म्हणजे त्या वेळी आम्ही पुढच्या तुकड्याची आखणी करत असतो.

आता मोजणीकडे येतो. चार आत आणि सहा बाहेर, असा एक श्वास सुमारे दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. टेक्निशियनने ‘हा चार मिनिटांचा आहे’ असे सांगितले की तुमच्यासाठी तो चोवीस श्वासांचा झाला. आत घड्याळ नसते आणि भीतीत मिनिटे ताणली जातात; चोवीस श्वास मात्र चोवीसच राहतात. डोक्याच्या तपासणीत छाती संथपणे हलली तर चालते, त्यामुळे ही मोजणी निर्धास्तपणे करावी. पोटाच्या तपासणीत श्वास रोखायला सांगतात, तिथे ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

सोमवारपर्यंतचे दिवस तुम्हाला सरावासाठी मिळाले आहेत आणि ते वाया घालवू नयेत. घरी पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट उशा लावा आणि चेहऱ्यावर, हवा मोकळी राहील अशा तऱ्हेने, पालथी घातलेली जाळीची टोपली ठेवा. एमआरआयच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सहज मिळते; ते आधी हळू आणि नंतर थोडे मोठ्याने लावा. पहिल्या दिवशी तीन मिनिटे पुरेत. पुढे पाच, दहा आणि शेवटी वीस. यात एकच नियम आहे, पण तो पाळायला कठीण आहे : भीती शिखरावर असताना टोपली काढू नये. ती काही मिनिटांत आपोआप उतरू लागते. थोडी उतरल्यावर उठावे. शिखरावर असताना उठलात तर मन एवढेच शिकते की उठल्यामुळे वाचलो, आणि पुढची खेप आणखी अवघड जाते. दोन वर्षांपूर्वी तुमच्या बाबतीत हेच झाले. त्यात तुमचा दोष नाही, परंतु त्या दिवशी मन जे शिकले ते या आठवड्यात पुसायचे आहे. सराव करताना टोपलीमुळेच तोल सुटू लागला, तर सुरुवातीला ती छातीवर ठेवा आणि रोज थोडी वर सरकवा.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंची हकिकत तुमच्याशी बरीच जुळते. डोकेदुखीसाठी तपासणी सांगितली होती आणि आधीच्या एका ठिकाणाहून त्या उठून आल्या होत्या. नेमके कोणत्या क्षणी असह्य झाले, असे मी विचारले. त्यांनी थोडा विचार करून सांगितले, “टोपी बसल्यावर खट्‌ असा आवाज झाला, तेव्हा. कुलूप लागल्यासारखे वाटले.” मी कॉइलचा वरचा भाग सोडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बसल्या बसल्या चेहऱ्यासमोर धरला, पालथा करून पाहिला, आणि खालच्या भागावर बसवून स्वतःच्याच हाताने दोन-तीनदा उघडून बंद केला. तो खटका फक्त जागा पक्की करण्यासाठी आहे आणि बाहेरून एका हाताने सुटतो, हे त्यांना हातानेच कळले. त्यानंतर त्या झोपल्या. टोपी लावली, टेबल हलवले नाही, दहा श्वास मोजले आणि टोपी काढली. दुसऱ्या खेपेस टेबल डोके आत जाईपर्यंतच नेले आणि परत आणले. तिसऱ्या खेपेस थेट मध्यापर्यंत नेऊन, काहीही चालू न करता, पुन्हा दहा श्वास मोजून बाहेर काढले. यात माझी सुमारे वीस मिनिटे गेली. पुढचा रुग्ण वाट पाहत होता आणि मला बाहेर जाऊन त्याची माफी मागावी लागली.

मग प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. मी आधीच रेडिओलॉजिस्टला विचारून सर्वांत महत्त्वाचे तुकडे पुढे घेतले होते, म्हणजे बाई मध्येच उठल्या असत्या तरी मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळण्याची शक्यता राहिली असती. ही विनंती तुम्हीही करू शकता; क्रम बदलता येतो की नाही हे तपासणी कशासाठी आहे यावर अवलंबून असते, पण विचारायला हरकत नाही. तिसऱ्या तुकड्यानंतर बाईंनी फुगा दाबला. त्यांना बाहेर आणले, त्या दोन मिनिटे उठून बसल्या, आणि म्हणाल्या, “घंटी खरंच वाजते का, ते बघायचं होतं.” उरलेले तीन तुकडे त्यांनी सलग पूर्ण केले. सगळ्यांचेच असे होते असा माझा दावा नाही. तासभर प्रयत्न करूनही जमले नाही असे रुग्णही मी पाहिले आहेत.

गोळीविषयी. भीती कमी करणारी गोळी तोंडाने घेऊन तपासणी करणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि त्यात कमीपणा नाही; मात्र ती ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांनी तुमची प्रकृती पाहून लिहून द्यायला हवी. शेजाऱ्याची किंवा घरात उरलेली गोळी घेऊ नये. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, दमा किंवा फुप्फुसाचा आजार, वेदनेसाठी चालू असलेली तीव्र औषधे, मद्य, गरोदरपण, वय जास्त असणे, यांतले काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशा माणसांचा श्वास या गोळ्यांनी मंदावू शकतो. वेळही साधावी लागते. बहुतेक गोळ्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात, आणि आमच्याकडे वेळापत्रक तासभर पुढे सरकणे काही नवल नाही. घरूनच घेऊन आलेल्या माणसाचा परिणाम प्रतीक्षेतच ओसरू लागलेला मी पाहिला आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर केंद्रात पोहोचून, यंत्र वेळेवर चालले आहे याची खात्री करून ती घ्यावी. सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. आणखी एक मर्यादा क्वचितच सांगितली जाते : गोळीने गाढ झोप लागली तर माणूस घोरतो, दचकतो, आणि डोके हलल्यामुळे चित्र बिघडते. आम्हाला झोपलेला रुग्ण नको असतो, सैल पडलेला हवा असतो. ‘झोपवणारी’ गोळी आणि ही एकच नव्हे. माझ्या मते तुम्ही सराव आजपासून सुरू करावा आणि डॉक्टरांशीही आजच बोलावे. सरावाने पुरेसे बळ आले तर गोळी खिशातच राहील.

त्या दिवशीच्या काही बारीक गोष्टी. सकाळचा चहा-कॉफी कमी घ्या, कारण त्याने छातीची धडधड वाढते, आणि आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या. झोपल्यावर गुडघ्यांखाली उशी मागा; पाठ दुखू लागली की मन आधी भीतीकडेच धावते. घाबरलेली माणसे पोटावर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफतात. तसे करू नका. हात एकमेकांना टेकले की शरीरात प्रवाहासाठी एक बंद वळसा तयार होतो आणि स्पर्शाच्या जागी त्वचा भाजण्याचा धोका असतो. हात बाजूला सुटे ठेवा आणि एका हातात फुगा धरा. अंगात थोडी ऊब जाणवली तर ती अपेक्षित आहे, पण एखाद्याच ठिकाणी चटका बसू लागला तर लगेच फुगा दाबा. शिरेतून कंट्रास्टचे इंजेक्शन द्यायचे आहे का, हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे मध्येच कोणी हाताला स्पर्श केला तर दचकायला होणार नाही. अनेक केंद्रांत, धातूची चौकशी पूर्ण करून, घरच्या माणसाला आत थांबू देतात. त्याने तुमच्या पावलावर हात ठेवून उभे राहावे. बोलण्याची गरज नाही, आवाजात तसेही ऐकू येत नाही.

एवढे करूनही त्या दिवशी जमले नाही, तर निमूट घरी जाऊ नका. किती तुकडे झाले आणि त्यांवरून काही सांगता येते का, हे तिथेच रेडिओलॉजिस्टला विचारा. पुढची पायरी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिरेतून औषध देऊन तपासणी करण्याची असते. त्यासाठी साधारणपणे सहा तास काही खायचे नसते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, परंतु नेमक्या वेळा तेच सांगतील. काही प्रश्नांची उत्तरे सीटी स्कॅनवरही मिळू शकतात. त्याचे कडे मोकळे आणि लांबीला आखूड असते आणि तपासणी काही सेकंदांत आटोपते, पण त्यात क्ष-किरण वापरले जातात आणि मेंदूचे सगळेच बारकावे त्यात दिसत नाहीत. तुमच्या तपासणीत नेमके काय शोधायचे आहे ते लिहिलेत, तर यांतला कोणता पर्याय तुमच्या डॉक्टरांपुढे मांडण्याजोगा आहे, ते मला अधिक नेमके सांगता येईल.